दुपारचे सात नकार

सकाळी कार्यालयात आलं की ओरिहाराबाई आधी चहा करायच्या आणि मग नकार वाचायला बसायच्या. तीन बेटं आणि एक बंदर मिळून झालेल्या त्या लहानशा जपानी शहराच्या नगरकार्यालयात, माहिती विभागाच्या कोपऱ्यात, खिडकीला पाठ करून त्यांचं टेबल होतं. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांना कमी पगारावर पुन्हा ठेवून घेतलं होतं, आणि कुणालाच नको असलेलं हे काम त्यांच्या वाट्याला आलं होतं.

काम सोपं होतं. कार्यालयातला प्रत्येक माणूस आपलं कार्ड यंत्रात घालून संगणक उघडतो. कुणाला काय पाहता येईल हे ठरलेलं असतं. जे पाहायचा अधिकार नाही ते कुणी उघडू पाहिलं, तर पडद्यावर लाल चौकट येते: ‘आपल्याला अधिकार नाही.’ माणूस चौकट बंद करतो आणि विसरून जातो. यंत्र मात्र विसरत नाही. कोणतं कार्ड, कोणता संगणक, कुणाची नोंद, कोणतं पान, किती वाजता, हे सगळं ते लिहून ठेवतं. दुसऱ्या दिवशी ती यादी ओरिहाराबाईंच्या टेबलावर येते.

शंभरातले अठ्ठ्याण्णव नकार चुकून झालेले असतात. बोट घसरतं, नंबर चुकतो, बदली होऊन आलेल्या माणसाचे अधिकार अजून बदललेले नसतात. बाई प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने ‘चूक’ असं लिहायच्या. एकाच कार्डावर एका दिवसात पाच नकार झाले तर यंत्र आपणहून इशारा देई. तसं वर्षातून दोनदा होई, आणि दोन्ही वेळा कुणीतरी नवखाच निघे.

त्या गुरुवारी सकाळी विभागप्रमुख तेशिमा त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी तो याच बाईंच्या हाताखाली उमेदवारी करत होता. आता तो साहेब होता, पण बाईंसमोर आला की अजूनही त्याचे हात आपोआप मागे बांधले जायचे.

“ओरिहारासान, एक लहानसं काम आहे,” तो म्हणाला, नावाला आदराचं ‘सान’ जोडून.

“लहान काम सांगायला साहेब स्वतः आले म्हणजे ते मोठंच असणार.”

“साहेब म्हणू नका हो. ऐकायला जड जातं.” त्याने एक कागद पुढे केला. “महिन्याचा गोषवारा. नागरिक खिडकीवरची नुनोमे आहे ना, कंत्राटावरची? तिच्या कार्डावर अकरा नकार. सगळ्यात जास्त. मनुष्यबळवाले म्हणतात, मार्चनंतर तिचं कंत्राट वाढवू नका. तुम्ही फक्त ‘नोंदी तपासल्या’ असं एक वाक्य लिहून द्या.”

“तपासल्या नाहीत तर कसं लिहू?”

“रोज तर वाचता की.”

बाईंनी यादी पुढे ओढली. वाचत होत्या हे खरं. त्या अकराही ओळींपुढे त्यांच्याच अक्षरात ‘चूक’ लिहिलेलं होतं.

“दुपारपर्यंत सांगते,” त्या म्हणाल्या.

नुनोमे काया सव्वीस वर्षांची, बोलताना दर वाक्याला मान लववणारी मुलगी होती. बाईंनी बोलावल्यावर ती आली ती खिशात दोन संत्री घेऊनच. त्या दिवसांत बेटांवरची संत्री घरोघर पेट्यांनी येत, आणि जो तो दुसऱ्याला देऊन आपली पेटी हलकी करू पाहत असे.

“घ्या ना. घरी तीन पेट्या आहेत. आजोबा ऐकतच नाहीत.”

“बस आधी. हे बघ, हे तुझे अकरा नकार. आठवतंय काही?”

काया कागदावर वाकली. बोटाने एकेक ओळ सरकवत गेली. “हे आठ माझेच. ऑक्टोबरात मला विमा खिडकीवरून इकडे आणलं, पण नवे अधिकार आलेच नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी लाल चौकट खातेच मी. तेशिमासानना दोनदा सांगितलं.” मग तिचं बोट थांबलं. “हे तीन… हे माझे नाहीत.”

“कार्ड तर तुझंच आहे.”

“हो. पण बारा वीस, बारा पस्तीस, बारा चाळीस. तेव्हा मी जेवायला गेलेली असते.”

“आणि कार्ड?”

कायाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. खोटं बोलायला तिला सोपं वाक्य उपलब्ध होतं, ते बाईंनाही दिसत होतं: चुकून हात लागला असेल. एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता.

“कार्ड यंत्रातच ठेवून जाते,” ती म्हणाली. “नियमाविरुद्ध आहे, ठाऊक आहे मला. पण दुपारपाळीवाल्याला पुन्हा सगळं उघडायचा त्रास नको म्हणून… आमच्याकडे सगळेच ठेवतात. कार्ड काढून नेलं तर वाटतं, समोरच्यावर विश्वास नाही असं दाखवलं आपण.” तिने मान इतकी लववली की कपाळ टेबलाला टेकायचं राहिलं. “माफ करा. हे माझ्या विरुद्ध जाणार ना?”

“जाईल,” बाई म्हणाल्या. “पण तू सांगितलंस ते बरं केलंस. फार बरं केलंस.”

ती गेल्यावर ओरिहाराबाईंनी एक संत्रं सोललं आणि खायचं विसरून यादीपुढे बसल्या. त्यांना शिकवलं होतं त्या पद्धतीने ती यादी माणसाप्रमाणे लावलेली असायची: अमक्याच्या कार्डावर किती, तमक्याच्या कार्डावर किती. तशी लावली की कायाचं नाव वर येत होतं आणि बाकी सगळे निष्पाप दिसत होते. बाईंनी पहिल्यांदाच ती उलटी लावून पाहिली. कुणी दार ठोठावलं ते राहू दे. कुठलं दार ठोठावलं गेलं?

तीन आठवड्यांची यादी पडद्यावर हलली आणि पुन्हा स्थिरावली. जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे एक नकार, फार तर दोन. एका नोंदीपुढे सात.

सात नकार, चार वेगवेगळी कार्डं, सगळे नागरिक खिडकीवरचे संगणक. कायाच्या कार्डावर तीन, बाकी तिघांच्या कार्डांवर मिळून चार. कुठल्याही दिवशी एकाहून जास्त नाही, म्हणून इशारा कधी वाजलाच नव्हता. आणि सातही वेळा बारा ते एकच्या मधल्या.

ती नोंद कुणाची हे बाईंना दिसत नव्हतं. त्यांनाही तो अधिकार नव्हता. फक्त नंबर आणि नंबरापुढे कुलपाची खूण. ती खूण कशाची हे मात्र कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. घरातल्या मारझोडीला कंटाळून जी बाई मुलाबाळांना घेऊन निघून जाते, ती अर्ज करते आणि तिचा नवा पत्ता झाकला जातो. खिडकीवरच्या पडद्यावर नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. कार्यालयातली तीनच माणसं ते कुलूप उघडू शकतात.

बाईंनी पानं पाहिली. पहिला नकार रहिवास नोंदीवर. दुसरा विम्यावर. तिसरा बालभत्त्यावर, चौथा शाळाप्रवेशावर. मग पुन्हा रहिवास. माणूस घराभोवती फिरून एकेक खिडकी ढकलून पाहतो तसं. चूक अशी ओळीने होत नाही. आणि या सातही ओळींपुढे, वेगवेगळ्या दिवशी, त्यांनी स्वतः पेन्सिलीने लिहिलं होतं: चूक, चूक, चूक.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या, मंगळवारची आणि कालची. पान: कुत्रा नोंदणी.

कुत्रा?

शहरातला प्रत्येक कुत्रा पर्यावरण विभागाच्या वहीत असतो. वसंतात लशीची आठवण देणारं कार्ड मालकाच्या पत्त्यावर जातं. पण एखाद्या बाईचा ठावठिकाणा तिच्या कुत्र्यावरून शोधायचं कुणाला सुचेल? ज्याला तिच्याकडे कुत्रा आहे हे माहीत आहे, त्यालाच.

ओरिहाराबाई उठल्या आणि नागरिक खिडकीकडे गेल्या. दुपारपाळीचा तक्ता तिथे भिंतीवर टांगलेला असे. सात तारखा त्यांनी तळहातावर लिहून घेतल्या होत्या. छापील नावं पाहिली तर सात दिवस सहा माणसं. काहीच जुळत नव्हतं. त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्या तक्त्याच्या अगदी जवळ गेल्या.

पाळी अदलाबदल केली की छापील नावावर रेघ मारून, जो बसणार असेल त्याने शेजारी आपल्या नावाचा लहानसा लाल शिक्का मारायचा, अशी तिथली रीत होती. सातपैकी सातही चौकोनांत तोच शिक्का होता. तांदळाच्या दाण्याएवढा, गोल, नीट मध्यावर मारलेला. शिओमि.

शिओमिसान! कार्यालयात खिडकीवरच्या शिओमिसानबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. कुणाचं मूल आजारी, कुणाला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, कुणाला नुसतंच गरम जेवण हवंय, की शिओमिसान म्हणायचे, “जा हो, मी बसतो.” सगळे त्यांचे आभार मानायचे. गेल्या वर्षी ओरिहाराबाईंच्या बहिणीच्या अंत्यविधीच्या दिवशी त्यांचं कामही त्यांनीच पाहिलं होतं. बाईंनी त्यांना नंतर तांदळाच्या पापड्यांचा डबा दिला होता.

त्यांनी परत येऊन शिओमिसानचं स्वतःचं कार्ड पाहिलं. तीन आठवड्यांत एकही नकार नव्हता.

आणि तक्त्यावर आजच्या तारखेच्या चौकोनातही तोच लाल दाणा होता.

मी म्हातारी झाले, त्यांना वाटलं. भल्या माणसावर संशय घेतेय. शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. जेवणाच्या वेळी खिडकीवर बसणारा माणूसच त्या वेळचे संगणक वापरणार, त्यात नवल काय? कुणी नागरिक येऊन काही विचारत असेल, आणि हे बिचारे त्याच्यासाठी बटणं दाबत असतील. पण एकच नोंद, सात वेळा, आणि दर वेळी दुसऱ्याचं कार्ड? आपलं कार्ड काय घरी विसरत होते?

त्यांनी फोन उचलला आणि पर्यावरण विभागातल्या हातादाला लावला.

“हातादासान, एक नंबर सांगते. त्या नंबराच्या नावावर कुत्रा आहे का, एवढंच हो किंवा नाही सांगा. पत्ता मला सांगू नका. मोठ्याने वाचूसुद्धा नका.”

“सकाळी सकाळी गूढ कथा का ओरिहारासान?” तोंडात काहीतरी होतं त्याच्या. “थांबा… आहे. आणि गंमत बघा, याच कुत्र्याबद्दल काल शिओमिसान विचारत होते.”

बाईंनी पेन्सिल उचलली. “काय विचारत होते?”

“बंदरावर एक गव्हाळ कुत्रा सापडलाय, गळ्यात बिल्ला नाही, पण ‘मुगि’ म्हटलं की शेपूट हलवतो. मुगि नावाचा कुत्रा कुणाचा आहे, मालकाचा पत्ता बघून देता का. मी निघालो होतो सभेला. म्हटलं, उद्या दुपारी फोन करा, जेवताना बघू. खरं सांगायचं तर आळस आला. का हो, कुत्रा दगावला का?”

“तुमच्या पडद्यावर त्या नोंदीला कुलपाची खूण आहे?”

“आमच्याकडे कुठली कुलपं? खिडकीवरून आमचं पान उघडत नाही, एवढंच. आमचं सॉफ्टवेअर वेगळं, जुनं. कुत्र्यांना काय लपवायचंय?”

“हातादासान,” बाई म्हणाल्या, “तुमच्या आळसाला माझा नमस्कार. आता तो पडदा बंद करा, आणि मी येईपर्यंत कुणालाही, अगदी महापौरांनाही, मुगिबद्दल एक अक्षर सांगू नका.”

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेशिमाने उभ्या उभ्या सगळं ऐकलं. यादी पाहिली, तळहातावरच्या तारखा पाहिल्या. “शिओमिसान?” तो म्हणाला. “अहो, माझ्या लग्नात त्यांनी गाणं म्हटलं होतं.”

“माझ्या चुकीने हे तीन आठवडे चाललं,” बाई म्हणाल्या. “सातही वेळा मीच ‘चूक’ लिहिलं. ते आधी लिहून घ्या. आणि हेही असू शकतं की मी आत्ताच चुकतेय.”

“चुकत असाल तर मी त्यांचे पाय धरून माफी मागेन. नसाल तर?” तेशिमाने घड्याळ पाहिलं आणि त्याचे मागे बांधलेले हात सुटले. “कुत्र्यांची वही आधी बंद. मग मनुष्यबळ, मग महिला समुपदेशनाच्या आवानोसान. पत्ता झाकलेल्या त्या बाईंना आधी कळलं पाहिजे, आपल्याला काय वाटतं ते नंतर. आणि ही यादी आहे तशी जपून ठेवा, कुणाचा हात लागू देऊ नका.”

“त्यांच्याशी कोण बोलणार?”

“तुम्ही नाही, मीही नाही. मनुष्यबळवाले बोलतील, दोघं मिळून. मी फक्त त्यांची आजची पाळी घेतो.”

साडेअकराला हातादाने बाईंच्या देखत मुगिची नोंद बाजूला काढून कुलूपबंद केली. पावणेबाराला तेशिमा खिडकीवर जाऊन म्हणाला, “शिओमिसान, आज मी बसतो. तुम्हाला वर बोलावलंय.” आणि तक्त्यावर, त्या लाल दाण्यावर रेघ मारून, त्याने आपला शिक्का मारला. जरा वाकडाच उमटला.

बाई जिन्याशी उभ्या होत्या. शिओमिसान वर चढताना थांबले. नेहमीसारखं हसायला गेले, अर्ध्यावरच राहिलं.

“ओरिहारासान, त्या बाईंचा नवरा माझा शाळेतला मित्र आहे हो,” ते हळूच म्हणाले, जणू बाईंनी काही विचारलंच होतं. “माझ्यासमोर रडला. मुलीसाठी हिवाळ्याचा कोट घेतलाय, एवढाच पोचवायचाय म्हणाला. मी म्हटलं, एवढं काय.”

“कोट आवानोसानकडे देता आला असता,” बाई म्हणाल्या.

शिओमिसाननी बराच विचार केला. ज्याने सात वेळा दारं ढकलली त्या माणसाला ही गोष्ट खरोखरच आता पहिल्यांदा सुचत होती, किंवा पहिल्यांदाच नाकारता येत नव्हती. “तो नको म्हणाला,” ते म्हणाले. “स्वतःच्या हाताने द्यायचाय म्हणाला.” आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की बाईंनी नजर वळवली.

पुढचं सगळं वरच्या मजल्यावर आणि पोलिसांकडे झालं. त्यातलं जेवढं सांगायचं तेवढंच बाईंना सांगण्यात आलं. पत्ता बाहेर गेला नव्हता. एकही दार उघडलं नव्हतं. सात नकारांनंतर त्याच नोंदीवर एखादी ‘परवानगी’ तर नाही ना, हे बाईंनी चारदा तपासलं होतं, आणि पाचव्यांदा कायाला शेजारी बसवून. शिओमिसानना कामावरून दूर केलं. खिडकीवरचे लोक कितीतरी दिवस त्यांच्या खुर्चीकडे न पाहता जेवायला जात. जाताना प्रत्येक जण आपलं कार्ड काढून गळ्यात अडकवी, आणि कुणाला त्याचा अपमान वाटत नसे.

कायाला कार्डाबद्दल लेखी समज मिळाली. बाकी तिघांनाही मिळाली. तिचे नवे अधिकार मात्र दुसऱ्याच दिवशी आले, कारण त्यांचा अर्ज ऑक्टोबरपासून तेशिमाच्या ट्रेमध्ये, संत्र्यांच्या पेटीखाली होता.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तुमच्याही नावावर एक समज लिहायची का?”

“लिहा,” तेशिमा म्हणाला. “तुमच्या शेजारी. आपण दोघं एकाच पानावर शोभू.”

ओरिहाराबाईंनी कंत्राटाच्या कागदावर ते एक वाक्य लिहून दिलं, पण तेशिमाने मागितलेलं नव्हे. ‘नोंदी तपासल्या. नुनोमे काया हिने स्वतःचं नुकसान होईल हे जाणून खरं सांगितलं, म्हणून बाकीचं सापडलं.’ मार्चमध्ये कंत्राट वाढलं. काया संत्र्यांची आख्खी पेटी घेऊन आली. “आभार म्हणून नाही हं,” ती म्हणाली, “आजोबांपासून सुटका म्हणून.”

एप्रिलच्या सुरुवातीला समुपदेशनाच्या आवानोबाई माहिती विभागात डोकावल्या. त्या कधी बसत नसत, उभ्यानेच बोलत.

“कुत्र्यांच्या लशीची कार्डं निघालीत ना? एक कार्ड माझ्या हातून जाणार आहे, बंद पाकिटातून. हातादासाननी दिलं.” मग जरा थांबून, “त्या बाई विचारत होत्या, हे कुणी पाहिलं. मी म्हटलं, नाव सांगता येत नाही. तर म्हणाल्या, मग एवढंच सांगा. मुलगी आता कुत्र्याला घेऊन एकटी फिरायला जाते. समुद्राकडे… नाही, कुठे ते मी नाही सांगत. जाते, एवढंच.”

ओरिहाराबाई उठून उभ्या राहिल्या आणि वाकून नमस्कार केला. तो आवानोबाईंना होता, की त्या न दिसणाऱ्या मुलीला, की आळशी हातादाला, की जेवायला जाताना कार्ड यंत्रातच सोडणाऱ्या आणि मग ते कबूल करणाऱ्या कायाला, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही. त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

“अहो, कंबर धरेल,” आवानोबाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी घरी निघण्यापूर्वी बाईंनी तेशिमाला बोलावलं. कुलूप अजून नीट आहे का ते पाहायचं होतं, आणि असं पाहताना शेजारी साक्षीदार हवा, हा नवा नियम त्यांनीच केला होता. त्यांनी स्वतःचं कार्ड यंत्रात घातलं, तो नंबर टाकला आणि कुत्रा नोंदणीचं बटण दाबलं.

लाल चौकट आली. ‘आपल्याला अधिकार नाही.’

“बरं वाटलं?” तेशिमाने विचारलं.

“फार.”

त्यांनी कार्ड काढून गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्या यादी वाचायला बसल्या तेव्हा चौथ्या ओळीवर त्यांचंच नाव होतं. पेन्सिलीला टोक केलं आणि नावापुढे त्यांनी सावकाश लिहिलं: चूक नव्हे.